हळद गटाचे पहिले संकेतस्थळ : कामाचे खरे वेळापत्रक

हिंगोली जिल्हा हळदीच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. येथील बहुतेक माल बाजार समितीच्या लिलावात विकला जातो. तथापि अलीकडे काही उत्पादक गट आपल्या मालापैकी थोडा भाग पावडर करून अथवा निवडक हळकुंडांच्या रूपाने थेट ग्राहकास विकू लागले आहेत. अशा गटास दूरच्या शहरातील ग्राहक प्रथम एकच गोष्ट विचारतो : तुमची माहिती कोठे पाहावयास मिळेल? यासाठी गटाचे स्वतःचे संकेतस्थळ उपयोगी पडते. पैशाची बचत व्हावी म्हणून ते गटातील तरुणांनीच तयार करावे, असाही विचार पुढे येतो.

हे काम गावातल्या गावात होण्यासारखे आहे. मात्र त्यास लागणाऱ्या काळाचा अंदाज बहुधा चुकतो. संगणकावरील कामाचे तास मोजले जातात. मजकूर व छायाचित्रे गोळा करण्यास लागणारे आठवडे कोणी मोजत नाही. शेतीमालाच्या संकेतस्थळाचे वेळापत्रक वास्तविक संगणकावर ठरत नाही, ते पिकाच्या हंगामावर ठरते. हळद शिजविण्याचे छायाचित्र हळद शिजत असतानाच घेता येते. तो दिवस हुकला तर पुढील संधी एका वर्षाने येते. म्हणून काम कोणत्या महिन्यात सुरू करावे व कोणते काम आधी हाती घ्यावे, याचा विचार येथे केला आहे.

हिशेब समजण्यास सोपा जावा म्हणून सेनगाव तालुक्यातील गोरेगाव येथे बारा सभासदांचा एक हळद उत्पादक गट आहे, असे उदाहरणादाखल कल्पिले आहे. गटातील दोन तरुण हे काम करणार आहेत. त्यांच्याजवळ एक लॅपटॉप व साधारण प्रतीचे दोन मोबाइल आहेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी, प्रत्येक वेळी दोन तास, ते या कामास देऊ शकतात. संकेतस्थळावर चारच पाने असावयाची आहेत : मुखपृष्ठ, आमची हळद, गट व सभासद, आणि संपर्क. मालाची रक्कम ऑनलाइन घेण्याची सोय पहिल्या वर्षी करावयाची नाही. निर्णय डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालेला आहे.

संगणकावरील काम : पंचवीस तास

संकेतस्थळास दोन गोष्टी विकत अथवा भाड्याने घ्याव्या लागतात. एक म्हणजे नाव, ज्यास डोमेन म्हणतात. दुसरी म्हणजे जागा, ज्यास होस्टिंग म्हणतात. नाव ही दुकानावरील पाटी समजावी व जागा हे भाड्याचे गोदाम समजावे. पाटीवरून माणूस योग्य गोदामात पोचावा म्हणून दोहोंची जोडणी करावी लागते. या सर्व कामास दोन तास पुरतात. जोडणी केल्यावर ती सर्वत्र लागू होण्यास काही तास व क्वचित दोन दिवस लागतात. तेवढ्या काळात पान एका मोबाइलवर दिसते व दुसऱ्यावर दिसत नाही. हा बिघाड नव्हे. दोन दिवस थांबावे, पुनःपुन्हा फेरफार करू नयेत.

नंतर वर्डप्रेससारखी पाने तयार करण्याची प्रणाली त्या जागेवर बसवावी. ती विनामूल्य असून मराठीतही वापरता येते. बसविण्यास व भाषा बदलण्यास दोन तास धरावेत. तयार साचा निवडणे व तो वापरावयास शिकणे यांस आठ तास लागतात. नवशिक्याचा खरा वेळ येथेच जातो, कारण साचे पुष्कळ असतात व रोज नवा साचा लावून पाहण्याचा मोह होतो. साचा निवडण्यास एकच संध्याकाळ द्यावी व नंतर तो बदलू नये. चार पाने मांडण्यास सहा तास, छायाचित्रे लहान करून चढविण्यास तीन तास, आणि तपासणी व दुरुस्ती यांस चार तास. एकूण बेरीज पंचवीस तास होते.

पंचवीस तास म्हणजे बारा-तेरा संध्याकाळी, म्हणजेच सुमारे साडेचार आठवडे. परंतु डिसेंबरमध्ये हरभरा व गहू शेतात उभे असतात. कृषिपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची येते, त्या आठवड्यात हे दोघे तरुण पाणी देण्यास शेतावर असतात. लग्नकार्यात आणखी दोन-तीन संध्याकाळी जातात. म्हणून साडेचार आठवड्यांचे सहा आठवडे धरावेत. यापेक्षा कमी मुदत सभेत सांगू नये.

नाव नोंदविताना एक दक्षता घ्यावी. नोंदणी गटाच्या नावे व गटाच्या स्वतंत्र ई-पत्त्यावर करावी. काम करणाऱ्या तरुणाच्या खाजगी पत्त्यावर करू नये. तो तरुण उद्या नोकरीनिमित्त पुण्यास गेला, तर नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाईल व मुदत संपून नाव हातचे जाईल. तसेच नोंदणीनंतर ई-पत्त्याची खातरजमा करणारे पत्र येते. `.com` यासारख्या नावांच्या बाबतीत त्या पत्रास पंधरा दिवसांत उत्तर न दिल्यास नावाचा वापर थांबविला जातो. पुष्कळ वेळा हे पत्र नको असलेल्या पत्रांच्या खणात जाऊन पडते. म्हणून नोंदणीच्या दिवशीच ते शोधून उघडावे.

मजकूर : लिहिण्यास आठ तास, मिळण्यास सहा आठवडे

चार पानांस मिळून सातशे-आठशे शब्द पुरतात. माहिती हाती असल्यास हे लेखन चार संध्याकाळचे आहे. विलंब लेखनात होत नाही, माहिती मिळण्यात होतो.

पहिला विलंब सभासदांकडून होतो. अध्यक्षांस गटाची माहिती लिहून द्या असे सांगितले, तर ते आनंदाने होकार देतात. परंतु कागद येत नाही. यात त्यांचा आळस नसतो. शेतकऱ्यास बोलण्याची सवय असते, परिच्छेद लिहिण्याची नसते. म्हणून लेखन मागूच नये. एक तास त्यांच्या ओसरीवर बसून प्रश्न विचारावेत व उत्तरे तेथेच टिपून घ्यावीत : गट कोणत्या साली सुरू झाला, सभासदांचे क्षेत्र किती, बेणे कोणत्या जातीचे, हळद कशात शिजविली जाते, पावडर कोठे दळली जाते, लहानात लहान किती मालाची मागणी घेतली जाईल. तयार झालेला मजकूर मासिक सभेत वाचून दाखवावा. सभा महिन्यातून एकदाच असल्याने ती तारीख चुकली तर चार आठवडे जातात. यास्तव डिसेंबरच्या सभेत प्रश्न व जानेवारीच्या सभेत वाचन, असे ठरवून घ्यावे.

दुसरा विलंब कागदपत्रांचा असतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्या गटाने अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक द्यावयास हवा. प्रमाणपत्रावरील नाव व संकेतस्थळावरील नाव अक्षरशः सारखे असावे. मुदत संपली असल्याचे याच वेळी उघडकीस येते व नूतनीकरणात काही आठवडे जातात. म्हणून प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी कपाटातून काढून त्यावरील तारीख पाहावी.

गुणवत्तेसंबंधी विधाने करताना अधिक सावध असावे. हळदीत कुरकुमीन इतके टक्के आहे असे लिहावयाचे असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल हाती असला पाहिजे. नमुना पाठविणे व अहवाल येणे यांसाठी दोन-तीन आठवडे धरावेत. तो अहवालही ज्या मालाचा नमुना दिला त्या मालापुरताच खरा असतो. म्हणून आकड्याशेजारी हंगामाचे वर्ष लिहावे. अहवाल नसेल तर आकडा देऊ नये. वसमत हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु ते नाव व मानांकनाचे चिन्ह वापरण्यासाठी माल ठरवून दिलेल्या क्षेत्रातील असावा लागतो आणि उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. केवळ जिल्हा एकच आहे म्हणून चिन्ह लावणे योग्य नव्हे. ही नोंदणी झालेली नसेल तर तिच्यासाठी संकेतस्थळ अडवून ठेवू नये; नोंदणी झाल्यावर ते वाक्य घालता येते.

तिसरा विलंब अगदी अनपेक्षित असतो, व तो जुन्या पत्रकामुळे होतो. गटाने पूर्वी छापखान्यात माहितीपत्रक करून घेतलेले असते. तोच मजकूर संकेतस्थळावर घालू, असा विचार होतो. परंतु छपाईचा पुष्कळसा मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या प्रणालीच्या जुन्या सांकेतिक पद्धतीच्या टंकांत केलेला असतो, आणि संकेतस्थळास युनिकोड मजकूर लागतो. हा फरक ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. त्या फाइलीतील एक वाक्य उचलून व्हॉट्सॲपवर स्वतःस पाठवावे. मराठी अक्षरे दिसली तर मजकूर वापरता येईल. इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा गोंधळ दिसला तर तो जुन्या पद्धतीचा आहे. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या ओळीओळीने तपासाव्या लागतात. दोन पानांचा मजकूर असेल तर मोबाइलवर बोलून अथवा टंकलिखित करून नव्याने घेणेच बरे. त्यास दोन संध्याकाळी लागतात. हे जानेवारीत कळण्यापेक्षा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळावे.

मजकुराच्या सर्व कामास मकरसंक्रांत ही शेवटची मर्यादा समजावी. त्यानंतर हळदीची पाने पिवळी पडून वाळतात, पाला कापला जातो व काढणी सुरू होते. एकदा काढणी लागली की मार्च संपेपर्यंत कोणत्याही सभासदास कागदावर बसविणे शक्य होत नाही.

छायाचित्रे : हंगाम हाच मालक

या संकेतस्थळास पंधरा-सोळा छायाचित्रे पुरतात. परंतु ती एका दिवसात मिळत नाहीत. लागवड मे-जूनची, हिरवेगार उभे पीक ऑगस्ट ते ऑक्टोबरमधील, काढणी जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंतची, आणि त्यापाठोपाठ शिजविणे, वाळविणे व पॉलिश करणे. डिसेंबरमध्ये काम सुरू करणाऱ्या गटास काढणीपासून पॉलिशपर्यंतची सर्व छायाचित्रे येत्या चार महिन्यांत मिळतात. केवळ हिरव्या पिकाचे एक छायाचित्र मागे राहते. उलट एप्रिल-मेमध्ये, माल घरात आल्यावर काम सुरू करणाऱ्या गटास काढणी व शिजविण्याच्या छायाचित्रांसाठी आठ-नऊ महिने थांबावे लागते. त्याच्या संकेतस्थळावर मग केवळ पोती व पाकिटे दिसतात. यावरून डिसेंबरचा आरंभ का सोयीचा, हे ध्यानात येईल.

आरंभीच एका वहीच्या पानावर छायाचित्रांची यादी करावी : कोणते दृश्य, कोणाच्या शेतावर, कोणत्या पंधरवड्यात, कोण घेणार. शिजविण्याचे यंत्र बहुधा भाड्याचे असते व ते एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरते. एका सभासदाकडे ते दिवस-दोन दिवसच असते, व त्याची तारीख आदल्या रात्री कळते. एकाच शेतावर अवलंबून राहिल्यास संधी हुकते. बारा सभासदांपैकी तिघांची नावे यादीत घातली, तर एकाकडे तरी जमते.

प्रकाशाचीही दखल घ्यावी. भर दुपारी ताडपत्रीवर पसरलेल्या हळदीचे छायाचित्र घेतले तर पिवळा रंग सपाट उमटतो व हळकुंडावरील वळ्या दिसत नाहीत. सकाळी नऊपूर्वी किंवा सायंकाळी पाचनंतर, सूर्य एका बाजूस असताना घ्यावे. मोबाइलवर चित्र मोठे करून पाहावे. हळकुंडाच्या वळ्या स्पष्ट दिसल्या तर ते वापरण्यायोग्य आहे. वाळविण्याच्या काळात अवकाळी पाऊस आल्यास ढीग झाकलेले राहतात. म्हणून हळद पसरल्याच्या दुसऱ्याच दिवशी छायाचित्र उरकावे. उद्यावर टाकू नये.

छायाचित्रे चांगली निघूनही ती पोचताना बिघडतात. सभासद ती व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवितात व त्यात चित्र दाबून लहान केले जाते. अँड्रॉइड मोबाइलवर अशा चित्राची फाइल `IMG-20260214-WA0003.jpg` यासारख्या नावाची असते. नावात `WA` दिसले की ते मूळ चित्र नव्हे असे समजावे व मूळ चित्र मागावे. पाठविणाऱ्याने ते छायाचित्र म्हणून न पाठविता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे जसेच्या तसे येते. उलटपक्षी, मूळ चित्र तसेच संकेतस्थळावर चढवू नये. मोबाइलचे एक चित्र तीन ते पाच मेगाबाइटचे असते, व अशी दहा चित्रे असलेले पान गावातील नेटवर्कवर उघडतच नाही. रुंदी सुमारे १६०० पिक्सेल व वजन ३०० किलोबाइटच्या आत आणून मगच चढवावे. मूळ चित्रे वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावीत.

चित्र मिळाले नाही म्हणून इंटरनेटवरून दुसऱ्याचे उचलू नये. त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो, आणि हळदीचा जाणता खरेदीदार ते चित्र अन्यत्र पाहिलेले असल्यास लगेच ओळखतो. मग गटाच्या खऱ्या मालावरही त्याचा विश्वास बसत नाही. तसेच ज्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात अशा सभासदांची व मजूर स्त्री-पुरुषांची संमती चित्र घेतानाच विचारून वहीत नोंदवावी. चार महिन्यांनी मजूर कोठे असतील ते सांगता येत नाही, व संमतीअभावी उत्तम चित्र वाया जाते.

दोन टप्प्यांत प्रकाशन

सर्व काही जमेपर्यंत थांबल्यास संकेतस्थळ कधीच उघडत नाही. अपुरे असतानाच उघडले तर ग्राहक परत येत नाही. यावर उपाय म्हणजे दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात मजकूर पूर्ण असावा व हाती असलेली चार-पाच चित्रे असावीत : शेत, सभासदांचा समूह, मागील वर्षीची हळकुंडे, पाकीट. पान तयार नसेल तर ते यादीतून काढून टाकावे. काम चालू आहे अशी पाटी लावू नये. दुसऱ्या टप्प्यात हंगामाची चित्रे व नव्या मालाची माहिती घालावी.

प्रकाशनापूर्वी एक आठवडा तपासणीसाठी राखून ठेवावा. ज्याने पाने तयार केली नाहीत अशा सभासदाने स्वस्तातील मोबाइलवर, घरच्या वायफायवाचून, शेतात उभे राहून संकेतस्थळ उघडून पाहावे. मुखपृष्ठ पाच-सहा सेकंदांत दिसते काय? पत्त्याच्या आरंभी `https` आहे काय? फोन क्रमांकावर बोट ठेवल्यास फोन लागतो काय? मजकूर मोठ्याने वाचताना कोठे अडखळावयास होते? चौकशीचा अर्ज पहिल्या वर्षी ठेवू नये. त्याची पत्रे कित्येकदा पोचत नाहीत व ग्राहक उत्तराची वाट पाहत राहतो. त्याऐवजी गटाचा एक स्वतंत्र फोन क्रमांक द्यावा व तो कोणत्या वेळेत उचलला जाईल ते लिहावे.

गटासाठी कालपत्रक

डिसेंबर, पहिला पंधरवडा : नाव ठरविणे व नोंदविणे, जागा घेणे; प्रमाणपत्रांच्या तारखा पाहणे; जुन्या मजकुराची परीक्षा; नमुना प्रयोगशाळेस पाठविणे; छायाचित्रांची यादी.

डिसेंबर, दुसरा पंधरवडा : अध्यक्ष व सभासदांकडून माहिती टिपून घेणे, साचा निवडून शिकणे.

जानेवारी, संक्रांतीपर्यंत : मजकूर सभेत वाचून मंजूर करणे, चार पाने मांडणे.

जानेवारी, अखेरचा पंधरवडा : तपासणी, दुरुस्ती व पहिला टप्पा खुला करणे.

फेब्रुवारी व मार्च : संगणकावरील काम बंद, केवळ काढणी, शिजविणे व वाळविणे यांची छायाचित्रे घेणे.

एप्रिल, दुसरा आठवडा : पॉलिश केलेल्या मालाची चित्रे, नव्या हंगामाचा अहवाल व उपलब्ध माल यांसह दुसरा टप्पा पूर्ण करणे.

सप्टेंबर : उभ्या पिकाचे राहिलेले चित्र घालणे.

नोव्हेंबर : नाव व जागा यांच्या नूतनीकरणाची रक्कम भरणे, सर्व फोन क्रमांक व प्रमाणपत्रांच्या तारखा पुन्हा पाहणे.

या हिशेबाने पंचवीस तासांचे संगणकाचे काम पहिल्या टप्प्यापर्यंत आठ आठवडे घेते आणि पूर्ण संकेतस्थळास साडेचार महिने लागतात. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गटास सल्ला देताना हीच मुदत सांगावी. सोयाबीन, तूर, संत्रा अशा अन्य पिकांच्या गटांनी महिने आपापल्या हंगामाप्रमाणे बदलून घ्यावेत. क्रम मात्र तोच ठेवावा : प्रथम छायाचित्रांची यादी, नंतर मजकूर, आणि शेवटी संगणक.